सोलापुरात ‘इम्पोर्टेड’ लॅपटॉप घेताना: हॅशपुढची तीन अक्षरं आधी वाचा

प्रश्न: नवी पेठेत एका दुकानात एचपीचा लॅपटॉप ‘इम्पोर्टेड पीस’ म्हणून सील पॅक मिळतोय. तोच प्रोसेसर, तेवढीच रॅम असलेला शोरूमला ६८ हजारांना आहे, हा ५४ हजारांना देतायत. चार्जरला अमेरिकेचा चपट्या पिनांचा प्लग आहे. दुकानदार म्हणतो इंटरनॅशनल वॉरंटी आहे, कुठल्याही सेंटरला चालेल. मुलीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी घ्यायचाय. वॉरंटी खरंच मिळेल का, बिघडला तर इथे दुरुस्त होईल का आणि चार्जर आपल्या लाइटवर चालेल का?

उत्तर:

चार्जर चालेल, फक्त भिंतीकडची वायर बदलावी लागेल. दुरुस्ती बहुतेक गोष्टींची सोलापुरातच होईल, मदरबोर्डची खात्री नाही. वॉरंटीचं म्हणाल तर दुकानदार काय म्हणतो याला फारसा अर्थ नाही. ते उत्तर खोक्यावरच्या लेबलवर छापलेलं असतं आणि ते वाचायला दोन मिनिटं लागतात. पैसे देण्याआधी ती दोन मिनिटं काढा.

खोक्याच्या कडेला पांढरं लेबल असतं. त्यावर सिरीयल नंबर असतो आणि त्याच्याजवळच `Product` किंवा `ProdID` असं लिहून एक दुसरा नंबर असतो. लोक सिरीयल बघतात आणि हा दुसरा सोडून देतात. खरी माहिती या दुसऱ्यात आहे. त्याच्या शेवटी हॅशचं चिन्ह आणि पुढे तीन अक्षरं असतात. `#ABA` असेल तर तो लॅपटॉप अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेला. `#ABU` म्हणजे ब्रिटन, `#ABV` म्हणजे अरबी कीबोर्डचा, दुबईकडून येणाऱ्या मालात हा दिसतो. भारतासाठी बनलेल्यावर `#ACJ` असतं. हॅशच्या आधीची दोन अक्षरंही बोलकी असतात. `UA` अमेरिकेकडचं, `EA` युरोप आणि आखाताकडचं, `PA` आशियाकडचं. तुम्ही सांगताय तो पीस बहुतेक `UA#ABA` निघेल.

आता हे महत्त्वाचं का, ते बघा. एचपीची वॉरंटी कागदावर जागतिक आहे, दुकानदार तिथपर्यंत खोटं बोलत नाही. पण त्याच कागदात अट आहे: ज्या देशात कंपनी त्याच मॉडेल नंबरच्या लॅपटॉपला वॉरंटी सेवा देते, त्या देशात ती मिळेल. ‘त्याच मॉडेल नंबरच्या’ या शब्दांवर सगळं अडतं. शोरूममधल्या ६८ हजारांच्या लॅपटॉपचं नाव आणि प्रोसेसर तुमच्या पीससारखाच असला तरी त्याचा प्रॉडक्ट नंबर वेगळा असतो, कारण आतला बोर्ड, स्क्रीन, बॅटरी यांची जुळणी प्रत्येक बाजारासाठी वेगळी केलेली असते. तुमचा नंबर भारतात विकलाच जात नसेल तर इथल्या सेंटरकडे त्याचे पार्ट मागवण्याची सोयच नसते. मग ते ‘पार्ट उपलब्ध नाही’ किंवा ‘ज्या देशात घेतला तिथे दाखवा’ असं सांगतात. वॉरंटी संपलेली नसते, पण तिचा इथे उपयोग होत नाही. दुकानदाराच्या ‘इंटरनॅशनल’ शब्दात ही अट कधीच येत नाही.

दुसरी गोष्ट तारखेची. वॉरंटी तुम्ही घेतलेल्या दिवसापासून सुरू होते असं आपण धरून चालतो. पण कंपनीकडे मूळ विक्रीचं बिल नोंदलेलं नसेल तर तिच्या यादीत माल कारखान्यातून किंवा गोदामातून निघाल्याच्या सुमाराची तारीख असते. ती दुरुस्त करून घ्यायला मूळ विक्रेत्याचं बिल लागतं आणि हे बिल अमेरिकेतल्या कुठल्यातरी दुकानाचं, कुणा तिसऱ्याच्या नावाचं असतं. ते तुमच्या हातात येत नाही. समजा साइटवर सुरुवात १२ नोव्हेंबर दिसतेय आणि तुम्ही जूनच्या मध्यावर घेताय. दुकानदार एक वर्ष म्हणतो, पण सात महिने आधीच गेलेले आहेत. मुलीचं पहिलं सेमिस्टर जेमतेम संपेल तोवर वॉरंटीही संपेल. शिवाय भारतात विकला जाणारा जादा वर्षांचा केअर पॅक सहसा इथल्या प्रॉडक्ट नंबरांसाठीच असतो, म्हणून पुढे पैसे भरून वॉरंटी वाढवू असा बेत करत असाल तर तोही आधी विचारून घ्या.

म्हणून दुकानात उभं राहून हे करा. लेबलचा स्पष्ट फोटो काढा, ज्यात सिरीयल आणि प्रॉडक्ट दोन्ही नंबर वाचता येतील. `support.hp.com` वर वॉरंटी तपासायच्या पानावर सिरीयल टाका. सुरुवातीची आणि शेवटची तारीख दिसेल, स्क्रीनशॉट ठेवा. मग भारतातल्या ग्राहक सेवेशी चॅटवर बोला, फोनवर नको, कारण चॅटचं लिहिलेलं राहतं. नुसतं ‘वॉरंटी आहे का’ असं विचारू नका, उत्तर ‘हो, आहे’ असंच येईल. असं विचारा: ‘या प्रॉडक्ट नंबरला भारतात हार्डवेअर वॉरंटी सेवा मिळते का, मदरबोर्ड आणि स्क्रीन इथे बदलून मिळतील का, आणि सोलापूरच्या पत्त्यावर सेवा आहे की मशीन सेंटरला आणून द्यावं लागेल?’ केस नंबर मागून घ्या. हो असं उत्तर लिहून आलं तर तुमचा सौदा चांगला आहे. चॅटवाला गोलमोल बोलत असेल तर नाही समजा.

खोकं आणि आतलं मशीन एकच आहे का, हेही बघायला हवं. सील पुन्हा लावणं अवघड नसतं आणि वापरलेला, परत आलेला किंवा प्रदर्शनात ठेवलेला पीस नव्या खोक्यात बसवून विकला जातो. लॅपटॉप सुरू करून देण्याचा आग्रह धरा. ‘सील फोडलं तर घ्यावाच लागेल’ असं दुकानदार म्हणाला तर आधी ठरवून घ्या: नंबर जुळले आणि बॅटरी नवी निघाली तर घेणार, नाहीतर नाही. विंडोज चालू झाल्यावर पॉवरशेल उघडून या ओळी टाइप करा:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
Get-CimInstance Win32_ComputerSystem | Select-Object Model, SystemSKUNumber
powercfg /batteryreport /output C:\Users\Public\battery.html
```

पहिल्या ओळीने मदरबोर्डमध्ये नोंदलेला सिरीयल नंबर दिसतो. दुसरीने मॉडेल आणि प्रॉडक्ट नंबर, हॅशपुढच्या अक्षरांसकट. हे दोन्ही खोक्यावरच्या आणि लॅपटॉपच्या पोटावरच्या नंबरांशी जुळायला हवेत. स्टिकर बदलता येतं, बोर्डमधला नंबर सहज बदलत नाही. सिरीयल रिकामा दिसला किंवा वेगळाच आला तर बोर्ड बदललेला आहे, तो पीस तिथेच ठेवा.

तिसऱ्या ओळीने तयार झालेली फाइल ब्राउझरमध्ये उघडा. त्यात `DESIGN CAPACITY`, `FULL CHARGE CAPACITY` आणि `CYCLE COUNT` असे तीन आकडे बघायचे. नव्या लॅपटॉपमध्ये पहिले दोन जवळजवळ सारखे असतात आणि चार्जिंगच्या सायकल शून्य किंवा दोन-चार असतात. समजा डिझाइन ५२,५०० मिलीवॉट-तास आहे आणि पूर्ण चार्ज ४४,००० वर थांबतोय, तर बॅटरी ८४ टक्क्यांवर आलेली आहे. ती कुणीतरी महिनोन्महिने वापरली आहे, सील काहीही सांगो. बॅटरी बदललेली असण्याचीही शक्यता असते, म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन टाकून एसएसडी किती तास चालली तेही पाहा. नव्या मशीनला दहा-वीस तासांपेक्षा जास्त दिसले तर कारण विचारा. आणि पहिल्यांदा इंटरनेटला जोडल्यावर कुठल्या परदेशी कंपनीचं नाव आणि त्यांच्या खात्यात लॉगिन करा असं पान आलं, तर ते मशीन त्या कंपनीच्या नियंत्रणात नोंदलेलं आहे. दुकानदार ते तात्पुरतं घालवेल, पण विंडोज नव्याने टाकलं की पुन्हा येईल.

अधिकृत भारतीय माल ओळखायला आणखी एक सोपी खूण आहे. बाहेरून आयात करून इथे विकायच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, सर्व करांसह एमआरपी, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क छापणं वजन-मापाच्या २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. एमआरपीचं स्टिकरच नाही, म्हणजे हा माल कंपनीच्या भारतीय वाटेने आलेला नाही. लॅपटॉप पालथा करा आणि पोटावरचं बारीक अक्षर वाचा. भारतासाठीच्या मशीनवर आणि त्याच्या चार्जरच्या ठोकळ्यावर बीआयएसचं चिन्ह, `IS` ने सुरू होणारा मानक क्रमांक आणि `R-` ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की कोणत्या कारखान्याच्या नावावर आहे ते कळतं. काही कंपन्या जगभर एकच लेबल लावतात, त्यात हा क्रमांकही येतो, त्यामुळे तो असला म्हणून माल भारतीय असं नाही. पण तो नसेल तर माल नक्की बाहेरचा.

आता चार्जर. याची भीती सगळ्यात जास्त असते आणि काळजी सगळ्यात कमी करायला हवी, एक जागा सोडून. ठोकळा उलटा करून `INPUT` ची ओळ वाचा. `100-240V~ 50/60Hz` असं असेल तर अमेरिकेच्या १२० व्होल्टवर आणि आपल्या २३० व्होल्टवर तो सारखाच चालतो. ठोकळ्यात आधी एसीचा डीसी होतो आणि मग ते डीसी खूप वेगाने तोडून हवं तेवढं व्होल्टेज काढलं जातं, त्यामुळे येणारं व्होल्टेज दुप्पट झालं तरी बाहेर १९.५ व्होल्टच येतात. लॅपटॉपचे ठोकळे आता जवळजवळ सगळे असेच असतात. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. त्याच ओळीतला अँपिअरचा आकडा, उदाहरणार्थ `1.6A`, बघून घाबरायचं कारण नाही, तो १०० व्होल्टवरचा जास्तीत जास्त आहे. आपल्या २३० वर ६५ वॉटचा ठोकळा पूर्ण जोरातही एक अँपिअरपेक्षा कमी घेतो.

जपायची जागा आहे ती भिंतीपासून ठोकळ्यापर्यंतची वायर. तिच्या चपट्या प्लगवर बारीक उठावात `125V` लिहिलेलं सापडेल. ठोकळा २४० सोसतो, पण हा प्लग १२५ साठी बनलेला आहे. लोक दुकानातून चाळीस-पन्नास रुपयांचा कन्व्हर्टर आणतात, त्यात हा प्लग खुपसतात आणि ते सॉकेटमध्ये लावतात. तीन अडचणी होतात. प्लगवरच्या मर्यादेपेक्षा जास्त व्होल्टेज त्यावर येतं. चपट्या पिना कन्व्हर्टरच्या पत्र्यात सैल बसतात, ठिणगी पडते, प्लास्टिक काळं पडतं. आणि अशा बऱ्याच कन्व्हर्टरमध्ये अर्थिंगची पिन नुसती दाखवायला असते, आत जोडलेलीच नसते.

या तिसऱ्याचा परिणाम हाताला जाणवतो. चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोट हलकं फिरवलं की मुंग्या येतात किंवा पत्रा खरखरीत लागतो. ठोकळ्यात विजेतला विद्युत गोंगाट गाळायला लहान कपॅसिटर असतात, त्यांच्यातून अगदी थोडा प्रवाह बॉडीवर येतो आणि तो अर्थिंगच्या वायरने जमिनीत जायचा असतो. वाट बंद झाली की तो तुमच्या बोटातून जातो. आपल्याकडे व्होल्टेज अमेरिकेच्या जवळपास दुप्पट, म्हणून तिथे न जाणवलेलं इथे जाणवतं आणि लोकांना वाटतं चार्जर खराब निघाला. एवढ्या प्रवाहाने जिवाला धोका नसतो, पण ही अर्थिंग नसल्याची खूण आहे.

उपाय स्वस्त आहे. एचपीच्या बहुतेक ठोकळ्यांना मागे तीन पाकळ्यांचं भोक असतं. आपल्याकडे दुकानात ‘लॅपटॉप पॉवर कॉर्ड, तीन होल’ असं मागितलं की तीच वायर मिळते. एका टोकाला तीन पाकळ्या, दुसऱ्या टोकाला आपला ६ अँपिअरचा तीन गोल पिनांचा प्लग. आयएसआय चिन्ह असलेली घ्या, दोन-तीनशे रुपयांत येते. अमेरिकेची वायर खोक्यात गुंडाळून ठेवून द्या. काही लहान ठोकळ्यांना इंग्रजी आठसारखं दोन होलचं भोक असतं. त्यात अर्थिंग मुळातच नसतं, तिथे हलक्या मुंग्या येणं नेहमीचंच, दोन होलची आयएसआय वायर लावली की झालं.

नवी वायर लावूनही मुंग्या येत असतील तर दोष घरच्या वायरिंगचा आहे. पेठांमधल्या जुन्या घरांत सॉकेट तीन पिनांचं बसवलेलं असतं, पण अर्थिंगची तार मागे जोडलेलीच नसते. वायरमनला मल्टिमीटर लावून बघायला सांगा: फेज आणि अर्थ यांच्यात साधारण २३० यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक-दोन व्होल्ट. फेज-अर्थमध्ये काहीच धड येत नसेल तर आधी अर्थिंग करून घ्या. लाइट गेल्यावर परत येताना बसणारा झटका चार्जरला व्होल्टेजच्या नेहमीच्या वर-खालीपेक्षा जास्त घातक असतो. लाइट गेली की प्लग काढायची सवय लावा, किंवा सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड वापरा.

ठोकळा पुढे खराब झाला तर इथे नवा मिळेल का? मिळेल. लॅपटॉपकडची पिन देशाप्रमाणे बदलत नाही. सध्याच्या बऱ्याच एचपी मॉडेलांना निळ्या टोकाची ४.५ मिलीमीटरची पिन असते. तिच्या मध्ये केसासारखी बारीक सुई दिसते, तिच्यातून लॅपटॉप ठोकळ्याची ताकद ओळखतो. नकली ठोकळ्यात ही ओळख नसते किंवा चुकीची असते. मग ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ असं येतं, किंवा चार्ज होतो पण मशीन मुद्दाम मंद चालतं. जुन्या ठोकळ्यावरचे `OUTPUT` चे व्होल्ट आणि वॉट लिहून न्या. व्होल्ट तेवढेच, वॉट तेवढे किंवा जास्त. ४५ वॉटच्या जागी ६५ चालतो, ६५ च्या जागी ४५ नाही. टाइप-सी असेल तर काम आणखी सोपं, ६५ वॉटचा पीडी चार्जर लावा.

आता बिघाडाचं. वॉरंटीशिवाय सोलापुरात काय होतं ते भागाभागाने पाहा, म्हणजे चौदा हजारांची खरी किंमत कळेल. रॅम आणि एसएसडी जगभर एकाच मापाच्या, आजच्या आज बदलून मिळतात. बॅटरीवर एक मॉडेल नंबर छापलेला असतो, उदाहरणार्थ `HT03XL`, आणि तोच नंबर भारतीय मॉडेलांतही वापरलेला असतो, म्हणून तीही मिळते. स्क्रीन लॅपटॉपच्या नावाने न मागवता पॅनलच्या मागे छापलेल्या नंबराने, पिनांच्या संख्येने आणि रिझोल्यूशनने मागवायची असते. दुरुस्तीवाल्याला पॅनल काढून नंबर वाचायला सांगा, मगच ऑर्डर द्या. कीबोर्डबाबत अमेरिकेच्या मशीनची उलट सोय आहे, कारण आपल्याकडचा कीबोर्डही त्याच मांडणीचा असतो. ब्रिटन किंवा आखाताकडचा असेल तर एंटरचं बटण उभं मोठं, काही चिन्हं इकडेतिकडे, आणि मागे बसणारा सांगाडाही वेगळा निघू शकतो.

अडतं ते मदरबोर्डपाशी. प्रोसेसर आणि बहुतेक वेळा ग्राफिक्सची चिप बोर्डवरच सोल्डर केलेली असते, त्यामुळे बोर्ड म्हणजे लॅपटॉपच्या किमतीचा मोठा हिस्सा. चांगला दुरुस्तीवाला बोर्डवरचा चार्जिंग विभाग, शॉर्ट झालेला कपॅसिटर, पाण्याने गंजलेली जागा दुरुस्त करतो. ते कमी खर्चात होतं आणि सोलापुरात होतं. प्रोसेसरच गेला तर नवा बोर्ड लागतो आणि तुमच्या प्रॉडक्ट नंबरचा बोर्ड भारतात आलेलाच नसेल तर तो बाहेरून शोधावा लागतो, किंवा बंद पडलेल्या दुसऱ्या मशीनमधून काढलेला वापरावा लागतो. अमेरिकेला दुरुस्तीला पाठवू असं कुणी सुचवलं तर त्यात शिरू नका. बॅटरी असलेलं नादुरुस्त मशीन हवाई कुरिअर सहज घेत नाही, आणि परत येताना ते नवा माल नाही हे कस्टमला कागदांनी पटवावं लागतं.

अधिकृत मशीनलाही एक अडचण असतेच, ती विसरू नका. मशीन आणून द्यायची वॉरंटी असेल आणि त्या कंपनीचं सेंटर शहरात नसेल तर पुणं गाठावं लागतं. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून देऊन यायचं आणि तयार झाल्यावर पुन्हा घ्यायला जायचं. म्हणून शोरूमवाला पीस घेतानाही घरी येऊन दुरुस्ती करण्याची सोय आहे का आणि सोलापूरचा पिनकोड त्यात बसतो का, हे विचारून घ्या.

एवढं होऊनही तो पीसच घ्यायचा असेल, तर कंपनीची वॉरंटी शून्य धरा आणि दुकानदाराची वॉरंटी कागदावर घ्या. जीएसटी क्रमांकाचं पक्कं बिल, त्यावर सिरीयल आणि प्रॉडक्ट नंबर, ‘नवीन, न वापरलेला’ हे शब्द, आणि हाताने का होईना पण शिक्क्यासह एवढं: ‘१२ महिन्यांची वॉरंटी आमची, मदरबोर्ड, स्क्रीन, बॅटरी आणि चार्जरसकट. कंपनीने सेवा नाकारल्यास ३० दिवसांत आम्ही दुरुस्त करून देऊ, नाहीतर बदलून किंवा पैसे परत.’ हे लिहून द्यायला तयार नसलेला दुकानदार त्याला स्वतःला काय वाटतं ते सांगतोच आहे. कच्च्या बिलावर चारपाचशे वाचत असतील तरी घेऊ नका. पुढे वाद झाला तर हाच कागद घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते आणि न मिटल्यास सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे तक्रारीची फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

माझं स्पष्ट मत असं: लिहून दिलेल्या वॉरंटीशिवाय हा पीस ५४ हजारांना महाग आहे. चार वर्षं वापरायच्या मशीनला पहिल्या वर्षात बोर्ड गेला तर वाचलेले चौदा हजार एका फटक्यात जातात आणि मुलगी सबमिशनच्या आठवड्यात लॅपटॉपशिवाय बसते. लिहून देत असतील आणि चॅटवर कंपनीनेही होकार दिला असेल तर घ्या. दोन्ही नसेल तर शोरूमचा एक पायरी खालचा `#ACJ` वाला पीस घ्या.

तुम्ही एचपीबद्दल विचारलंय, पण दुकानात दुसरे ब्रँडही दाखवतील, म्हणून थोडक्यात. ॲपलच्या मॅकबुकचं हार्डवेअर भारतातही वॉरंटीत बघितलं जातं, बाहेरच्या खरेदीत तो सगळ्यात कमी जोखमीचा. लेनोव्होमध्ये थिंकपॅडच्या बऱ्याच मॉडेलांना आंतरराष्ट्रीय सेवा असते, त्यांच्या सपोर्टच्या पानावर सिरीयल टाकल्यावर वॉरंटीच्या तपशिलात ती दिसते का बघा. आयडियापॅडबाबत ती आहे असं धरू नका. डेलचा सात अक्षरी सर्व्हिस टॅग एका देशातून दुसऱ्या देशात हलवून घ्यावा लागतो आणि त्यासाठी आधीच्या मालकाचे तपशील लागतात. नातेवाइकाने स्वतः विकत घेतलेल्याला ते जमतं, दुकानातल्या पीसला सहसा नाही.

आणि अमेरिकेत कुणी नातेवाईक असतील तर दुकानापेक्षा ती वाट चांगली. परदेशातून येणाऱ्या अठरा वर्षांवरील प्रवाशाला सामानात एक लॅपटॉप कस्टम ड्युटीशिवाय आणता येतो. त्यांना सांगा की खरेदी मोठ्या अधिकृत दुकानातून करा, बिलावर सिरीयल नंबर छापून घ्या, तिथेच त्यांच्या नावाने कंपनीच्या साइटवर नोंदणी करा आणि मूळ बिल लॅपटॉपसोबत पाठवा. वॉरंटीची तारीख त्या बिलाने धरली जाईल. मॉडेल निवडण्याआधी मात्र त्याचा प्रॉडक्ट नंबर मागवून वरचाच प्रश्न भारतातल्या चॅटवर विचारा, विमान सुटायच्या आधी.